वाक्य कळलं नाही तर लेखकाला शंका कशी विचारावी: संपादनात नव्याने आलेल्यांसाठी

मराठी संहितेवर काम सुरू केलं की थोड्याच पानांत असं एखादं वाक्य समोर येतं, ज्यात शब्द सगळे ओळखीचे असतात, व्याकरणही ठीक असतं, तरी अर्थ दोन निघतात. अशा वेळी हात आपोआप दुरुस्तीकडे जातो. आजूबाजूच्या मजकुरावरून जो अर्थ पटतो तो धरायचा, वाक्य सुटसुटीत करायचं आणि पुढे जायचं, असं नवखा संपादक करतो. यात वेळ वाचतो, लेखकाला त्रास होत नाही आणि पान वाचायला छान होतं.

धोका नेमका त्या छान होण्यात आहे. मूळ वाक्य संदिग्ध असेल तर त्यावर पुढे कोणीतरी अडखळतं: मुद्रितशोधक, दुसरा संपादक, नाहीतर वाचक. अंदाजाने सरळ केलेल्या वाक्यावर कोणीच अडखळत नाही. मुद्रितशोधक ते सहज वाचून जातो, कारण त्यात खटकण्यासारखं काही उरलेलं नसतं. लेखकही प्रुफात स्वतःच्या मनातला अर्थच वाचतो, त्यामुळे शब्द बदललेत हे त्याच्या लक्षात येईलच असं नाही. चूक थेट छापील पुस्तकात जाते आणि तिथे लेखकाच्या नावावर उभी राहते. म्हणून अर्थ ठरत नसेल तर विचारायचं. ते थोडक्यात, उत्तर देणाऱ्याला सोपं जाईल असं आणि योग्य वेळी कसं विचारायचं, ते इथे क्रमाने सांगितलं आहे.

विचारण्याआधी काय तपासायचं

पहिली पायरी म्हणजे मागचा-पुढचा परिच्छेद पुन्हा वाचणं. तेवढ्याने पुष्कळ शंका सुटतात. वाक्य ज्या गोष्टीचा उल्लेख करतं ती दोन पानं आधी येऊन गेलेली असते, किंवा लेखक पुढच्याच ओळीत खुलासा करतो. एक सावधगिरी मात्र हवी. संदर्भाने दुसरा अर्थ अशक्य ठरत असेल तरच शंका सुटली असं समजायचं. एक अर्थ फक्त जास्त संभवनीय वाटत असेल, तर तो अजून अंदाजच आहे.

दुसरी पायरी म्हणजे दोष लेखकाचा की टायपिंगचा ते बघणं. हस्तलिखितावरून डीटीपी झालं असेल तर मूळ कागद काढून ती ओळ शेजारी ठेवा. लागोपाठच्या दोन ओळींत एकच शब्द आला असला की ऑपरेटरची नजर वरच्या शब्दावरून खालच्या शब्दावर जाते आणि मधला मजकूर गळतो. उरलेलं वाक्य कधीकधी व्याकरणाने जुळतं, पण अर्थाने लागत नाही. जुन्या फाँटमधली फाइल युनिकोडमध्ये आणली असेल तर रफार आणि पहिली वेलांटी आधी तपासा. ‘मार्ग’चं ‘मागर्’ झालेलं लगेच दिसतं. पण वेलांटी शेजारच्या अक्षरावर सरकून दुसराच शब्द तयार झाला तर तो दिसत नाही. असे दोष मूळ प्रत बघून स्वतःच दुरुस्त करायचे. त्यांच्यासाठी लेखकाला विचारलं, तर खरी शंका यायच्या आधीच त्याचा उत्साह संपतो.

तिसरी गोष्ट शब्दकोशाची. न ऐकलेला शब्द कोशात सापडला आणि तिथला अर्थ वाक्यात चपखल बसला, की काम झालं. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, सामान्यरूप यांसाठी लेखनाचे नियम आहेतच. १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या चौदा नियमांत १९७२ मध्ये चारांची भर पडून ते अठरा झाले. त्यांवरून जे ठरतं ते लेखकाला विचारायचं नाही. फक्त संवादातली बोली नियमांनी सरळ करायची नाही.

एवढं करूनही दोन अर्थ उभे असतील, आणि त्यांपैकी कोणता धरला यावर वाचकाला मिळणारी माहिती बदलत असेल, तर शंका नोंदवा. दोन्ही अर्थांनी माहिती तीच राहत असेल तर वाक्य आहे तसं सोडून द्या.

मराठीत अर्थ कुठे फाटतो

या जागा एकदा ओळखीच्या झाल्या की वाचताना डोळा तिथे आपसूक थांबतो.

सगळ्यांत जास्त वेळा फसवतं ते ‘त्यांनी’. मराठीत आदरार्थी एक माणूस आणि खरोखरचे अनेक जण, दोघांनाही ‘त्यांनी’ चालतं. शिवाय स्त्री की पुरुष हेही त्यातून कळत नाही. ‘डॉक्टर आणि ताईंनी मिळून दवाखाना काढला. पुढे त्यांनी तो बंद केला.’ बंद दोघांनी केला, एकट्या डॉक्टरांनी केला, की ताईंनी? तिन्ही वाचनं चालतात. चरित्रात आणि संस्थेच्या इतिहासात असं वाक्य पानोपानी येतं, आणि तिथे श्रेय किंवा ठपका भलत्या माणसाकडे जातो.

दुसरी जागा ‘सगळे… नाही’ या रचनेची. ‘सगळे सभासद सभेला आले नाहीत’ म्हणजे एकही आला नाही, की काही आले आणि काही नाही? बोलताना कोणत्या शब्दावर जोर दिला यावरून ते कळतं. कागदावर तो जोर नसतो. लेखकाच्या कानात स्वतःचा आवाज असतो, त्यामुळे त्याला ते वाक्य पूर्ण स्पष्ट वाटतं. ‘परवा’ हा शब्द मागचा दिवस सांगतो की पुढचा, हे क्रियापदावरून समजतं. पण क्रियापद नसलेल्या टिपणात किंवा पत्राच्या उताऱ्यात ‘परवा सातारा, मग मुंबई’ असं आलं की अडतं. ‘आईने मुलाला पळताना पाहिलं’ यात पळत कोण होतं, हेही तसंच.

बोलीची गोष्ट वेगळी, आणि जास्त जपण्याची. तिथे संपादकाला दोन अर्थ दिसतच नाहीत. त्याला एकच दिसतो, आणि तोच चुकीचा असतो. वऱ्हाडी संवादात ‘आई जेवून राहिली होती’ असं आलं, तर पुण्या-मुंबईचा संपादक ‘आई जेवून तिथेच मुक्कामाला राहिली’ असं समजून वाक्य ‘सुधारतो’. वऱ्हाडीत त्याचा अर्थ ‘आई जेवत होती’ एवढाच आहे. शंका न येणं हीच इथली अडचण. म्हणून आपल्या भागाबाहेरच्या लेखकाचं काम हाती घेताना एक नेम ठेवा: घटनाक्रम थोडासाही विचित्र वाटला की आधी बोलीचा संशय घ्यायचा. आई जेवून राहिली आणि पुढच्याच ओळीत ताटावरून उठली, तर काहीतरी चुकतंय, आणि ते लेखकाचं असेलच असं नाही.

शंका लिहायची कशी

चांगल्या शंकेत चार भाग असतात: जागा, मूळ शब्द, अडचण आणि उत्तराचे पर्याय. लांबी पाच-सहा ओळींहून वाढू द्यायची नाही.

जागेसाठी नुसता पानक्रमांक पुरत नाही. तुमच्या संगणकावरचं पान ४७ लेखकाच्या संगणकावर पान ४९ असू शकतं, कारण फाँट किंवा कागदाचा आकार बदलला की पानं सरकतात. प्रकरण आणि परिच्छेद लिहा आणि त्या खाली मूळ शब्द जसेच्या तसे उतरवा. स्वतःच्या शब्दांत सांगू नका. तुम्ही सांगितलेलं वाक्य तुमच्या समजुतीने आधीच वाकलेलं असतं आणि लेखक त्यालाच उत्तर देऊन बसतो.

अडचण एका शब्दावर बोट ठेवून सांगायची. ‘हे वाक्य स्पष्ट करावे’ असं लिहिलं की लेखकाला काय अस्पष्ट आहे तेच समजत नाही. मग तो एकतर पूर्ण परिच्छेद नव्याने लिहून पाठवतो, त्यात नव्या शंका निघतात, नाहीतर ‘स्पष्टच आहे’ एवढं कळवतो. ‘वाक्य चुकलं आहे’ असंही म्हणायचं नाही. वाक्य चुकलेलं नसतंच, ते फक्त दोन्हीकडे वळतं.

पर्याय देताना दोन्ही अर्थ सारख्याच वजनाने मांडा. ‘इथे पाटीलच अभिप्रेत आहेत ना?’ असं विचारलं तर घाईत असलेला लेखक मूळ ओळ न बघता ‘हो’ म्हणतो. तुमचा अंदाज त्याच्या होकारासह छापला जातो, आणि पुढे कोणी विचारलं तर दोघांनाही खात्री वाटत असते. दोन पर्यायांत सगळं मावत नसेल तर ‘(क) वेगळं काही’ ही जागा मोकळी ठेवा. तुम्हाला न सुचलेला तिसरा अर्थच खरा निघतो असंही पुष्कळदा होतं.

एक उदाहरण शेवटपर्यंत

समजा, एका निवृत्त शिक्षकांनी आपल्या गावाचा इतिहास लिहिला आहे. त्यात हे वाक्य आहे: ‘बहात्तरच्या दुष्काळात पाटलांनी आपल्या धाकट्या भावाला विहीर दिली आणि पुढच्या साली त्यांनी ती सात परस खोल केली.’

पहिल्या वाचनात अर्थ लागल्यासारखा वाटतो: विहीर भावाच्या नावावर झाली आणि भावाने ती खोल केली. पुढच्या परिच्छेदात ‘धाकट्यांच्या मुलांनी तिथे इंजिन बसवलं’ असं आहे, त्यामुळे हा अंदाज आणखी पक्का होतो. आता एकेक शब्द धरून वाक्य पुन्हा वाचायचं. ‘दिली’ म्हणजे मालकी दिली, की पाणी वापरायला मोकळीक दिली? इंजिन तर पाण्याचा हक्क असलेलाही बसवू शकतो. ‘त्यांनी’ पाटलांसाठी की भावासाठी? आणि ‘सात परस खोल केली’ म्हणजे होती त्यात सात परसांची भर घातली, की खणून ती एकूण सात परस झाली? परस हे विहिरीच्या खोलीचं जुनं माप, साधारण हात वर केलेल्या माणसाच्या उंचीएवढं. सात परसांची भर आणि एकूण सात परस यांत कामाचा, मजुरीचा आणि खर्चाचा मोठा फरक पडतो. दुष्काळाच्या वर्णनात वाचकाला तोच फरक कळायला हवा.

‘पुढच्या साली’ म्हणजे १९७३ हे मात्र वाक्यातूनच ठरतं, म्हणून ते विचारायचं नाही. परसाचे फूट करावेत का, हा प्रकाशनाच्या धोरणाचा भाग आहे. तोही या शंकेत घुसवायचा नाही.

शंका अशी जाईल:

> प्रकरण ३, परिच्छेद ६
> ‘…पाटलांनी आपल्या धाकट्या भावाला विहीर दिली आणि पुढच्या साली त्यांनी ती सात परस खोल केली.’
> १. ‘दिली’: (अ) मालकी दिली (ब) पाणी वापरू दिलं (क) वेगळं काही
> २. खोल कोणी केली: (अ) पाटलांनी (ब) धाकट्या भावाने (क) दोघांनी मिळून
> ३. सात परस: (अ) आधीच्या खोलीत पडलेली भर (ब) काम झाल्यावरची एकूण खोली

समजा लेखकाचं उत्तर आलं: एक ब, दोन अ, तीन ब. म्हणजे विहीर थोरल्या पाटलांचीच राहिली, खणलीही त्यांनीच, आणि खोली एकूण सात परस झाली. संदर्भावरून बांधलेला अंदाज मालकीबाबत चुकला होता आणि खणणाऱ्याबाबतही. गावात दोन्ही घरांची पुढची पिढी नांदते आहे आणि विहिरीच्या हक्काची नोंद सातबाऱ्यावर असते. तिथे छापील पुस्तकात ‘विहीर धाकट्याची झाली’ असं येणं लेखकाला गावात तोंड दाखवू देणार नाही.

आता दुरुस्ती करायची ती उत्तरापुरतीच: ‘बहात्तरच्या दुष्काळात पाटलांनी धाकट्या भावाला आपल्या विहिरीचं पाणी वापरू दिलं आणि पुढच्या साली स्वतःच ती खणून सात परसांपर्यंत नेली.’ लेखकाचा ‘बहात्तरचा दुष्काळ’, ‘पुढच्या साली’, ‘सात परस’ तसेच राहिले. हे नवं वाक्य लेखकाकडे एकदा परत पाठवायचं. अर्थ त्याने सांगितला असला तरी वाक्य आता तुमचं आहे, आणि ते त्याला चालतंय का हे त्यानेच ठरवायचं.

कधी आणि कशाने पाठवायची

शंका मांडणी होण्याआधी, संहितेवर काम चालू असतानाच पाठवा. पानं लागल्यानंतर एका वाक्यात चार शब्द वाढले तर परिच्छेदाची एक ओळ वाढते, ती पुढच्या पानावर जाते, आणि तिच्यामागे प्रकरणाच्या शेवटापर्यंत सगळं सरकतं. सूची तयार झाली असेल तर तिचे पानक्रमांकही बिघडतात. दुसऱ्या प्रुफात शंका आलीच तर विचारायची जरूर. पण मग दुरुस्ती तेवढ्याच जागेत बसेल अशी शोधावी लागते.

प्रत्येक शंका आली तशी पाठवत राहू नका. एक-दोन प्रकरणं झाली की यादी करून एकदम पाठवा. पहिली यादी मुद्दाम लहान ठेवा, कारण लेखक कशी उत्तरं देतो ते तीवरून कळतं, आणि एका शंकेच्या उत्तराने पुढच्या कित्येक शंका सुटतात. पाटील म्हटलं की नेहमी थोरलेच, एवढं एकदा कळलं की पुढच्या प्रकरणातले अनेक ‘पाटील’ मार्गी लागतात.

माध्यम लेखकाच्या सोयीने निवडा. वर्डमधल्या किंवा गूगल डॉक्समधल्या कॉमेंट संपादकाला सोयीच्या असतात, पण मोबाइलवर फाइल उघडणाऱ्याला त्या सहज सापडत नाहीत. अशांना शंकांची वेगळी यादी मेलच्या मजकुरातच द्या. व्हॉट्सॲपवर विचारणार असाल तर एका मेसेजमध्ये एकच शंका, म्हणजे लेखक त्याच मेसेजला उत्तर देऊ शकतो. वयस्कर लेखकांना मोठ्या टायपात छापलेली यादी, समासात शंका क्रमांक लिहिलेली पानं आणि उत्तरासाठी मोकळी जागा हे सगळ्यांत बरं पडतं. सुरुवातीला नमस्कार आणि दोन ओळी पुरेत: ‘सर, प्रकरण १ ते ३ वाचून झाली. खालच्या सहा ठिकाणी अर्थ दोन्हीकडे जातो असं वाटलं, नुसतं अ-ब-क कळवलं तरी चालेल. पानं लावायला सोमवारी द्यायची आहेत, तेव्हा शनिवारपर्यंत उत्तर मिळालं तर सोयीचं होईल.’ तारीख द्यायचीच, आणि तिचं कारणही. कारण कळलं की लोक वेळ पाळतात.

फोनवर बोलणं झालं तर फोन ठेवल्याबरोबर जे ठरलं ते लिहून लेखकाला पाठवा. आवाजात ऐकलेलं उत्तर दुसऱ्या दिवशी वेगळं आठवतं, दोघांनाही.

उत्तर आलं नाही, किंवा कळलं नाही

‘अ की ब?’ याला ‘हो’ असं उत्तर येतं. लांबलचक आठवण येते आणि तिच्यात मूळ प्रश्न राहूनच जातो. तेव्हा तीच शंका तशीच पुन्हा पाठवून उपयोग नाही. आता दोन्ही अर्थांची दोन पूर्ण वाक्यं लिहून पाठवा आणि ‘यांतलं कोणतं छापावं?’ एवढंच विचारा. तयार वाक्यं समोर दिसली की फरक लगेच कळतो.

दिलेली तारीख उलटली तर एकदा आठवण करा, मग प्रकाशक किंवा मुख्य संपादकाला कळवा. तरीही उत्तर नसेल तर मूळ वाक्य आहे तसंच ठेवा. संदिग्ध राहिलेलं वाक्य लेखकाचं असतं, अंदाजाने बदललेलं तुमचं होतं. याला अपवाद आहे तो नुकसान होऊ शकणाऱ्या मजकुराचा: औषधाचं प्रमाण, कीटकनाशकाची मात्रा, हयात माणसावरचा आरोप, जमिनीचा हक्क. ‘दोन चमचे सकाळ-संध्याकाळ’ म्हणजे प्रत्येक वेळी दोन की दिवसाला मिळून दोन, हे ठरत नसेल तर ते वाक्य तसंही जाऊ द्यायचं नाही. ते वगळायचं की तेवढ्यासाठी मजकूर थांबवायचा, हा निर्णय मुख्य संपादकाचा, आणि तो लेखी घ्या.

लेखक हयात नसतील तर त्यांच्या घरच्यांकडे जुनी वही, आधीच्या अंकातला छापील लेख किंवा पत्रं आहेत का ते विचारा. घरच्यांचं मत आणि कागदावरचा पुरावा यांची नोंद वेगवेगळी ठेवा. मुलगी जेव्हा ‘बाबांना असंच म्हणायचं असणार’ म्हणते, तेव्हा तोही एक अंदाजच असतो, जास्त जवळच्या माणसाचा. तेवढ्यावर वाक्य बदलायचं नाही. फार तर ‘संपादक’ अशा सहीने तळटीप द्यायची.

सगळ्या शंका एका तक्त्यात ठेवा: क्रमांक, जागा, मूळ शब्द, प्रश्न, उत्तर, कोणी आणि कधी दिलं, मजकुरात बदल झाला का. शेवटचा रकाना विसरू नका. उत्तर आलेलं असतं, सगळ्यांच्या लक्षात असतं, आणि फाइलमध्ये बदल करायचाच राहून गेलेला असतो. पानं छपाईला जाण्याआधी त्या रकान्यात एकही जागा रिकामी नाही ना, हे फाइल उघडून, प्रत्येक वाक्य डोळ्यांनी बघून तपासा. नंतर हा तक्ता संहितेच्या अंतिम फाइलबरोबरच जपून ठेवा. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी संपादक दुसराच असतो, आणि ‘पाटलांनी स्वतःच’ यातला ‘स्वतःच’ काढावासा त्याला वाटला, तर तो का घातला हे त्याला तिथे सापडेल.